स्लायडिंग मोड: सरफेसचा उतार किती ठेवावा आणि चॅटरिंग कसं कमी करावं?

चाकणकर_सर्वो

आडव्या अक्षावर फिरणाऱ्या फिक्स्चरसाठी पोझिशन कंट्रोल बसवतोय. २४ व्होल्टची डीसी मोटर, ३० पट गिअरबॉक्स, मोटरच्या शाफ्टवर २५०० लाइनचा एन्कोडर (चारपट मोजून १०,००० काउंट), कंट्रोल लूप १ मिलिसेकंदाचा. जॉब केंद्रापासून सरकलेला असतो, त्यामुळे गुरुत्वाचा भार कोनानुसार बदलतो. मोटरच्या बाजूने पाहिलं तर प्लांट साधा दुसऱ्या ऑर्डरचा आहे:

```
th'' = -a*th' + b*u + d
a = 12 (1/s),  b = 60 (rad/s^2 per V),  |d| <= 150 rad/s^2
s = e' + lam*e,   e = th - thd
```

K = १८० ठेवलाय, म्हणजे ३ व्होल्ट, आणि `lam` सध्या २०. `sgn(s)` लावलं की गिअरबॉक्स घुमतो, स्कोपवर साधारण ४० हर्ट्झ दिसतात. `sat(s/phi)` लावून `phi` वाढवला की आवाज जातो, पण जॉब कोनावर नीट बसत नाही. मला टेबलावर ०.१ अंश हवाय. प्रश्न दोन: `lam` कशावरून ठरवायचा? आणि चॅटरिंग घालवून अचूकता कशी राखायची? सुपर-ट्विस्टिंगकडे वळावं का?

---

मंदार_कोथरूड

`lam` जेवढा जास्त तेवढं उत्तम. सरफेसवर आल्यावर एरर e^(-lam·t) ने मरते, त्यामुळे २० ऐवजी ५० घेतलात तर अडीचपट लवकर बसेल. आणि हो, सुपर-ट्विस्टिंग घ्या. त्यात कंट्रोल सलग असतो, त्यामुळे चॅटरिंग उरतच नाही.

---

बकबूस्ट

चॅटरिंगला एवढं काय घाबरायचं? बक कन्व्हर्टरसुद्धा दुसऱ्या ऑर्डरचाच. तिथे आम्ही स्लायडिंग मोड हिस्टेरिसिस बँडने चालवतो. बँड थोडा रुंद केला की स्विचिंग फ्रिक्वेन्सी खाली येते, मॉसफेट गार राहतो. तुम्हीही `s` भोवती बँड लावा.

---

अनघा_ज

बकबूस्ट, तुमचं कन्व्हर्टरसाठी अगदी बरोबर आहे, इथे मात्र उलटं होईल. मॉसफेटला मुळात दोनच अवस्था, तेव्हा स्विचिंग होणारच. बँड फक्त त्याची गती ठरवतो आणि रिपल इंडक्टर-कपॅसिटर गिळतात. इथे ड्राइव्ह हवा तो व्होल्टेज देऊ शकतो, स्विचिंगची गरजच नाही. हिस्टेरिसिस लावलात तर `s` उलटायला आणखी उशीर होईल, म्हणजे झोका मोठा आणि संथ. दातांवर बसणारा ठोका वाढेल.

चाकणकर, तुमच्या प्रश्नात सगळ्यात कामाचा आकडा ते ४० हर्ट्झ आहे. लूप १ मिलिसेकंदाचा असताना चॅटरिंग निव्वळ सॅम्पलिंगमुळे असतं तर ते ५०० हर्ट्झच्या आसपास दिसलं असतं. ४० म्हणजे ते वाटेतल्या उशिरामुळे आहे.

असं बघा. स्विच उलटला तरी मोटरचा टॉर्क T इतक्या वेळाने उलटतो. तोवर `s` शून्य ओलांडून K·T इतका पुढे जातो. मग परत यायला तेवढाच वेळ, पलीकडे पुन्हा तसंच. एका पूर्ण फेऱ्याला साधारण ४T लागतात. तुमचा फेरा २५ मिलिसेकंदांचा, म्हणजे T सहा मिलिसेकंदांच्या आसपास. वेगाचं गणित कसं करता? फिल्टर किती हर्ट्झचा? आणि मोटरचा L/R किती?

---

चाकणकर_सर्वो

वेग म्हणजे दोन सॅम्पलमधला काउंटचा फरक, त्यावर ५० हर्ट्झचा पहिल्या ऑर्डरचा लो-पास. फिल्टर नसेल तर एका काउंटलाच ०.६३ रेडियन/से. चा पल्ला पडतो, म्हणून लावलाय. L/R जवळपास २ मिलिसेकंद.

---

अनघा_ज

मग हिशोब जुळला. फिल्टरचे ३.२, आर्मेचरचे २, सॅम्पल आणि होल्डचे दीड. बेरीज ६.७ मिलिसेकंद. यातला निम्मा उशीर तुमच्या फिल्टरचा आहे.

आता `phi` कडे. `sgn` असताना `s` चा झोका K·T = १८० × ०.००६७ = १.२ रेडियन/से. त्याहून अरुंद बाउंड्री लेयर असेल तर `s` लेयरमध्ये थांबतच नाही, आरपार जातो. नाव `sat` असलं तरी वागणं `sgn` चंच. लेयर या झोक्याच्या अडीचपट तरी हवा, म्हणजे ३. लेयरच्या आत लूप रेषीय होतो आणि त्याचा वेग K/phi असतो. `phi` = ३ ला तो ६० (१/से.), फेज मार्जिन ६० अंशांच्या घरात. `phi` = १ केलात तर K/phi १८० होतो आणि मार्जिन जेमतेम १५ ते २० अंश उरतं. तेव्हा ३० हर्ट्झच्या आसपास घुमणं परत सुरू होईल, आणि लोक त्याला चॅटरिंग म्हणतील. खरं तर तो साधा कमी मार्जिनचा रेषीय लूप आहे.

थोडक्यात, K/phi तुमच्या हातात नाही, तो T ने ठरवलाय. `phi` = ३, `lam` = २० ला एररची हमी phi/lam = ०.१५ रेडियन, मोटरवर. तीस पटींनी भागून टेबलावर ०.२९ अंश. तुम्हाला ०.१ हवाय. `phi` कापायला जागा नाही, तेव्हा कापायचा तो K.

---

जुना_पीआयडी

अनघाताई, लेयरच्या आत हा निव्वळ पीडी कंट्रोलर झाला की. K·lam/(phi·b) काढा: २० व्होल्ट प्रति रेडियन. वेगावरचा गेन १ व्होल्टच्या थोडा वर. हेच आकडे पीडीत टाकले असते तर एवढा खटाटोप कशाला?

---

अनघा_ज

लेयरच्या आत पीडीच आहे, मान्य. फरक हा की d किती ते सांगितलं की हे गेन आणि एररची हद्द दोन्ही कागदावर निघतात, हाताने फिरवत बसावं लागत नाही. आणि लेयरच्या बाहेर सुधारणेचा व्होल्टेज ३ व्होल्टवर अडतो, पीडीत तो एररबरोबर वाढत राहतो.

---

जुना_पीआयडी

पहिला मुद्दा पटला. दुसरा नाही. पीडीच्या आउटपुटला लिमिट लावणं एका ओळीचं काम आहे.

---

खडकी_ड्राइव्ह्ज

मंदारच्या `lam` = ५० बद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. सरफेसवर राहायचं तर ब्रेक लावायची ताकद हवी. सरफेसवर वेग lam·e, आणि तिथे लागणारं मंदन lam²·e. त्यातलं a·lam·e मोटरचं स्वतःचं डॅम्पिंग देतं, उरलेलं lam·(lam − a)·e व्होल्टेजमधून यायला हवं. हाताशी किती आहे? २४ × ६० = १४४०, वजा d चे १५०, म्हणजे १२९०.

`lam` = ५० ला: ५० × ३८ = १९००. म्हणजे e ०.६८ रेडियनपेक्षा मोठी असताना सरफेस गाठलात तर पूर्ण उलटा व्होल्टेज देऊनही सरफेसवर टिकता येत नाही. टेबलावर हे फक्त १.३ अंश. त्यापलीकडे `s` निसटतो आणि ओव्हरशूट येतो. `lam` = २० ला: २० × ८ = १६०, हद्द ८ रेडियन, टेबलावर १५ अंश. कागदावर लवकर बसणारा सरफेस मशीनवर उशिरा बसतो, त्याचं कारण हे.

आणि ९० अंशांची उडी एका दमात देत असाल तर २० सुद्धा पुरणार नाही. रेफरन्सला प्रोफाइल द्या. मोटरवर ३०० रेडियन/से² त्वरण आणि ६० रेडियन/से. वेग धरला तर ९० अंश सेकंदाभरात होतात. व्होल्टेज मोजा: वेगाला १२, त्वरणाला ५, घर्षण आणि गुरुत्वाला अडीच, K चे ३. एकूण साडेबावीस. २४ च्या आत. म्हणजे `s` सुरुवातीपासूनच शून्याजवळ राहतो आणि सरफेसपर्यंत पोहोचण्याचा टप्पाच उरत नाही.

---

मंदार_कोथरूड

सॅच्युरेशनचं ध्यानात नव्हतं घेतलं, बरोबर आहे. मग `lam` ची वरची हद्द ही, की उशिराची?

---

खडकी_ड्राइव्ह्ज

दोन्हीतली जी आधी लागेल ती. उशिराच्या बाजूने अंगठेनियम १/(३T), इथे ५० येतो. पण सरफेसवरची हालचाल लेयरच्या आतल्या लूपपेक्षा संथ हवी, नाहीतर दोन्ही एकमेकांच्या पायात येतात. K/phi ६० आहे, त्याचा तिसरा हिस्सा २०. बसायला ४/lam = ०.२ सेकंद. चाकणकरांनी २० कुठून आणला माहीत नाही, पण आकडा चांगला आहे.

---

अनघा_ज

आता K कसा कापायचा. d चे १५० कशाकशाचे आहेत ते वेगळं काढा. यंत्र रिकामं ठेवून व्होल्टेज हळूहळू वाढवा आणि शाफ्ट हलायला लागतो तो व्होल्टेज दोन्ही दिशांना नोंदवा. मग जॉब लावून, भार आडवा असताना (९० अंश), दोन्ही दिशांना पुन्हा तेच. भार लावल्यावरच्या दोन आकड्यांच्या फरकाचा निम्मा म्हणजे गुरुत्व, बेरजेचा निम्मा म्हणजे घर्षण.

---

चाकणकर_सर्वो

घर्षण १.२ व्होल्ट, गुरुत्व १.३ व्होल्ट. दिशा बदलली की घर्षणात थोडा फरक पडतो, आणि सकाळी यंत्र गार असताना ते जास्त असतं.

---

अनघा_ज

छान. १.२ × ६० = ७२ आणि १.३ × ६० = ७८, तुमचे १५० तंतोतंत. या दोन्ही गोष्टी तुम्हाला माहीत आहेत, मग त्या अज्ञात म्हणून K च्या गळ्यात कशाला बांधायच्या? थेट फीडफॉरवर्ड द्या:

```c
e  = th - thd;
de = w - wd;
s  = de + lam*e;
r  = s/phi;
if (r >  1.0f) r =  1.0f;
if (r < -1.0f) r = -1.0f;
u  = (a*wd + ad - (lam - a)*de - K*r)/b;
u += Vg*sinf(th/30.0f) + Vf*tanhf(wd/w0);
```

भार खाली लोंबतो तिथे `th` शून्य धरलाय. `tanhf` मध्ये रेफरन्सचा वेग `wd` आहे, मोजलेला `w` नाही. ही चूक फार ठिकाणी दिसते. मोजलेल्या वेगाची खूण शून्याजवळ एकेका काउंटने उलटते, आणि घालवलेलं चॅटरिंग मागच्या दाराने आत येतं. `u` च्या पहिल्या ओळीतही `a*w` नाही, `a*wd` आहे. `K*r` सोडलं तर मोजलेल्या वेगाचा फक्त (lam − a) एवढाच वाटा कंट्रोलमध्ये जातो.

फीडफॉरवर्डनंतर गुरुत्वात २० आणि घर्षणात २० इतकी चूक उरेल असं धरा, त्यावर २० राखीव. K = ६०. K/phi ६०च ठेवायचा, म्हणून `phi` = १. हमी १/२० = ०.०५ रेडियन, टेबलावर ०.०९५ अंश. T ला हातही न लावता.

---

खडकी_ड्राइव्ह्ज

वेगवेगळ्या वजनाचे जॉब लागतात का? गिअरमुळे जडत्व ९०० ने भागलं जातं, तरी b दहा टक्के हलला तर त्वरणाच्या वेळी ३०० चे दहा टक्के, म्हणजे ३०, K मध्ये धरायला हवेत.

---

अनघा_ज

बरोबर. तेवढ्यासाठी K कायमचा ९० करू नका. K = ६० + ०.१·|ad| ठेवा आणि `phi` त्याच प्रमाणात हलवा, K/phi बदलता कामा नये. थांबताना `ad` शून्य, K पुन्हा ६०.

---

मंदार_कोथरूड

पण सुपर-ट्विस्टिंगचं काय? त्यात लेयर नाही, म्हणजे phi/lam ची एररही नाही. तो इतका वापरला जातो तो उगाच नाही.

---

अनघा_ज

उगाच मुळीच नाही. पण तो d किती मोठा हे विचारत नाही, d किती वेगाने बदलतो हे विचारतो. ती हद्द L धरली तर नेहमीचे गेन १.५·√L आणि १.१·L. तुमच्या गुरुत्वाचा बदल पाहा: टेबल २ रेडियन/से. ने फिरतंय, तर जास्तीत जास्त ७८ × २ = १५६. L = २०० घेऊ. गेन २१ आणि २२०. इथवर झकास.

पण दिशा बदलताना घर्षण ७२ वरून −७२ वर उडी मारतं. १४४ ची उडी, तीही एका क्षणात. त्या क्षणाला L ला अर्थच उरत नाही. आतला इंटिग्रेटर सेकंदाला २२० ने चढतो, म्हणजे ती उडी भरून काढायला त्याला ०.६५ सेकंद लागतील, आणि तोवर `s` सरफेस सोडून गेलेला असेल. त्यावर उपाय म्हणून L दहापट केलात तर वर्गमुळाचा गेन तिप्पट होतो. शून्याजवळ वर्गमुळाचा उतार अनंत, आणि तुमचा ६.७ मिलिसेकंदांचा उशीर तसाच. घुमणं परत. कंट्रोल सलग असला म्हणजे चॅटरिंग संपलं असं नाही. उशीर आहे तोवर झोका राहतो, फक्त लहान होऊ शकतो.

घर्षणाचं फीडफॉरवर्ड आधी नीट बसवून मग सुपर-ट्विस्टिंग लावून पाहायला माझी हरकत नाही.

---

ब्रेकअवे

वरच्या कोडमध्ये मला एक भोक दिसतंय. यंत्र थांबलं की `wd` शून्य, `tanhf` शून्य, घर्षणाचा फीडफॉरवर्ड गेला. K = ६० म्हणजे जास्तीत जास्त १ व्होल्ट. शाफ्ट हलायला १.२ लागतात. म्हणजे उभ्या जागी कशाने तरी जॉब ०.०६ रेडियन ढकलला गेला तर कंट्रोलर १ व्होल्ट लावून बसेल आणि काही हलणार नाही. थांबलेलं असताना घर्षणाचे ७२ पुन्हा अज्ञातात आले, तेव्हा ०.०९५ ची हमी तिथे लागू नाही.

---

अनघा_ज

अगदी नेमकं. हमी फिरताना आणि पोहोचताना आहे, उभ्या जागी नाही. थांबल्यावर K ९० (दीड व्होल्ट) आणि `phi` दीड करता येईल. शाफ्ट सुटेल, पण हद्द ०.१४ अंश होते.

---

जुना_पीआयडी

सरफेसमध्ये इंटिग्रल घाला की. s = e' + 2·lam·e + lam²·∫e. कायमचा d असला तरी e शून्यावर येते.

---

ब्रेकअवे

कायमचा d असेल तर येते. स्थिर घर्षण कायमचं नसतं. इंटिग्रल चढत जातो, शाफ्ट सुटतो, सुटल्यावर घर्षण कमी होतं म्हणून पलीकडे जाऊन अडकतो, मग उलट दिशेने तेच. काही सेकंदांनी एकदा टुक् असा आवाज येतो. चॅटरिंगशी त्याचा संबंध नाही, K किंवा `phi` कितीही बदला, जाणार नाही. इंटिग्रल घातलाच तर e दोन-तीन काउंटच्या आत आली की गोठवा, आणि व्होल्टेज २४ ला टेकलेला असतानाही गोठवा.

---

चाकणकर_सर्वो

ठरलेल्या कोनावर पोहोचल्यावर फिक्स्चर क्लॅम्प होतं, मग ड्राइव्ह बंद. म्हणजे उभ्या जागी ढकलला जाण्याचा प्रश्न माझ्याकडे नाही, पोहोचतानाची एरर महत्त्वाची.

---

खडकी_ड्राइव्ह्ज

मग K = ६० चालेल. शक्य झालं तर फिल्टरही ५० वरून १५० हर्ट्झवर न्या, उशीर ३.२ वरून १.१ वर येतो, T साडेचार. `phi` ०.७ पर्यंत आणता येईल. पण मग वेगातला एका काउंटचा ०.६३ चा पल्ला फिल्टरमधून जास्त शिरेल आणि लेयर तर त्याच्याच मापाचा, तेव्हा व्होल्टेज खरखरेल. त्याआधी टायमर कॅप्चरने दोन पल्समधला वेळ मोजून वेग काढा. अगदी संथ वेगाला तोही थकतो, पल्सच उशिरा येतात, म्हणून शेवटच्या टप्प्यात काउंटच्या फरकावर परत यावं लागेल. टापकीर गल्लीत मिळणाऱ्या साध्या बोर्डांवरच्या मायक्रोकंट्रोलरमध्येही कॅप्चर असतंच, वेगळं हार्डवेअर लागणार नाही. ड्राइव्हमध्ये करंट लूप चालू करता आला तर L/R चे २ मिलिसेकंदही बरेच कमी होतील. मात्र मग कंट्रोल व्होल्टेजऐवजी टॉर्कचा होतो, a आणि b नव्याने मोजा.

---

बकबूस्ट

एक शंका. एन्कोडर मोटरवर आहे. गिअरबॉक्सचा बॅकलॅश किती? ०.०९५ अंशांचा हिशोब मोटर शाफ्टचा तीसने भागून केलाय, दातांमधली फट त्यात नाही.

---

अनघा_ज

हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा होता. भार सरकलेला असल्यामुळे बहुतेक कोनांना दात एकाच बाजूला दाबलेले राहतात, तिथे फट जाणवणार नाही. ० आणि १८० अंशांजवळ गुरुत्वाचा टॉर्क शून्य होतो, तिथे दात मोकळे. ब्रेक लावताना मोटर मागे खेचते तेव्हाही बाजू बदलू शकते. चाकणकर, मोटर धरून ठेवून टेबल हाताने दोन्हीकडे हलवा, कडेला डायल लावून वाचा. फट ०.०५ अंशांच्या वर निघाली तर त्या दोन कोनांना या कंट्रोलरकडून ०.१ मागू नका.

---

चाकणकर_सर्वो

डायल लावतो. K = ६०, `phi` = १, `lam` = २०, प्रोफाइल ३०० आणि ६० चा, दोन्ही फीडफॉरवर्डसह चालवलं. घुमणं गेलंय. व्होल्टेजवर ४० हर्ट्झ दिसत नाहीत. मधल्या कोनांना एन्कोडरवरची शेवटची एरर ०.०३ रेडियनच्या आत आहे. १८० अंशांना मात्र पोहोचताना एक हलका ठोका ऐकू येतो.

---

ब्रेकअवे

तो ठोका बॅकलॅशचा की `tanhf` चा, हे आधी बघा. `w0` दुप्पट करून चालवा. ठोका मऊ झाला तर `Vf` शेवटी फार पटकन काढून घेतला जातोय. तसाच राहिला तर दातांमध्ये शोधा.

---

जुना_पीआयडी

आणि तेच आकडे घेऊन, `sat` काढून नुसत्या पीडीवर एकदा १८० ला नेऊन बघा. फीडफॉरवर्ड तसेच ठेवा. फरक पडतो का ते इथे लिहा.